मेलेलं पाणी

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, यात चर्चा नाही. धाकटी बहीण सातव्या महिन्यात खकनारकडच्या सासरहून बुऱ्हाणपूरला आली, तेव्हा आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हाताला धरून घरात घेतलं. मी मागून म्हणाले, "आलीस ते बरं केलंस, पण नळाच्या पाण्याला तोंड लावू नकोस."

"पोरगी अजून टेकली नाही, अन् तू काय घेऊन बसली! शुभ बोल जरा," आई म्हणाली.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होते. जीभ माझी पहिल्यापासून तिखट. लग्न केलं नाही, आईजवळच राहिले. आमच्या मोहल्ल्यात त्या दिवसांत घरटी एखाद्या पोराचे डोळे पिवळे झाले होते. पोरं आठ-पंधरा दिवस मलूल पडत, मग पुन्हा गल्लीत बोंबलत फिरत. त्यामुळे कुणालाच भीती नव्हती. "पिलिया काय, सगळ्यांनाच होतो," म्हणत आणि गळ्यात काविळीची माळ घालून मोकळे होत. माळ लांब होत जाते तशी कावीळ उतरते, असा समज. पोरं आपोआप बरी होत आणि नाव माळेचं होई.

पण मग मोठी माणसंही पडायला लागली. नगरपालिकेची नळाची लाइन आमच्याकडे गटारातूनच गेलेली. पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तासभर. नळ बंद असताना पाइपात पोकळी व्हायची आणि जिथे जोड सैल तिथून गटाराचं पाणी आत शिरायचं. त्यात प्रत्येकाने नळाला मोटर लावलेली. ती पाणी ओढायची तशी घाणही ओढायची. पाणी दिसायला अगदी स्वच्छ! तेच तर वाईट. गढूळ असतं तर कुणी प्यायलं नसतं.

आमच्या वॉर्डाच्या डॉक्टर मॅडमनी काही जणांचं रक्त इंदूरला पाठवलं. पोरांमध्ये जास्त करून काविळीचा ए विषाणू निघाला, मोठ्यांमध्ये ई. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही एकाच वाटेनं येतात. रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. ए आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, पुन्हा होत नाही. ई मोठ्यांना गाठतो. तेही बहुतेक सगळे बरे होतात. पण पोटुशी बाई, त्यातून शेवटचे महिने... तिचं लिव्हर बघता बघता बंद पडतं. का, ते अजून नीट कुणालाच कळलेलं नाही. औषध नाही. लस नाही." मॅडम एरवी रुग्णाला धीर देण्यात पटाईत. त्या दिवशी त्यांनी मला धीर दिला नाही, कारण धाकटी घरी आलीय हे त्यांना ठाऊक होतं.

मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, हिला परत पाठवू. सासरी मळ्यात खोल बोअर आहे, पाणी चांगलं आहे. आईने कपाळावर हात मारला. "सातव्या महिन्यात लेक परत धाडायची? लोक तोंडात शेण घालतील! जावई काय म्हणतील, एका पोरीचं बाळंतपण जड झालं?" धाकटीही रडायला लागली. तिला आईजवळच राहायचं होतं. शेवटी मी म्हणाले, ठीक. पण पिण्याचं, तोंड धुण्याचं, भाजी धुण्याचं, सगळं पाणी खळखळून उकळायचं. आईने देवासमोर हात जोडून कबूल केलं.

आणि ती उकळायचीही. पहाटे उठून मोठं पातेलं चढवायची. माझ्या मनाला थोडं बरं वाटायला लागलं होतं.

एकदा ड्युटी लवकर सुटली म्हणून दुपारीच घरी आले. आई माठ भरत होती. उकळलेलं पाणी ओतलं, आणि वरून नळाच्या हंड्यातले दोन तांबे.

"आई! काय करून राहिली तू?"

ती दचकली नाही, लपवलंही नाही. समजावल्यासारखं म्हणाली, "अगं, उकळलेलं पाणी म्हणजे मेलेलं पाणी. त्यात काही जीव राहत नाही. पोटुशी बाईला कसं देऊ? म्हणून थोडं ताजं घालते. रोजच घालते."

मी काय काय बोलले ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. माठ अंगणात नेऊन फोडला. धाकटी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "ताई, बस कर ना, तिला कळलं नाही," एवढंच ती म्हणाली. आई कोपऱ्यात बसून पदराने तोंड झाकून रडली. त्यानंतर एक थेंब कच्चं पाणी घरात प्यायलं गेलं नाही. पण हा आजार दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत अंगात मुकाट बसू शकतो. मी रोज सकाळी धाकटीला खिडकीशी उभी करायची आणि खालची पापणी ओढून डोळे बघायची. ती चिडवायची, "ताई, तुला माझ्या डोळ्यांशी लग्न करायचंय का?" मी हसायची. आणि दुसरी पापणी ओढायची.

आठवा महिना सरत आला आणि तिचं अन्नावरचं मन उडालं. ताप, उलट्या. आई म्हणाली, होतं असं पोटुशीला. मी पापणी ओढली. पिवळी.

मॅडमनी तपासलं आणि थांबल्याच नाहीत, लगेच इंदूरला न्यायला सांगितलं. जावयांना एसटीडीवरून फोन केला, ते जीप घेऊन आले. असीरगढचा घाट चढेपर्यंत धाकटी नीट बोलत होती. खंडव्याच्या पुढे बोलण्यात गोंधळ व्हायला लागला. मलाच विचारायला लागली, "ताई कुठे आहे?" लिव्हरचं विष डोक्यात चढतं तेव्हा असंच होतं. मी वॉर्डात पाहिलं होतं. जावयांना सांगितलं नाही.

इंदूरला डॉक्टरांनी पोटाला यंत्र लावलं. बाळाचे ठोके नव्हते. मुलगा होता. त्याला जन्म देतानाचं रक्त थांबेना, कारण रक्त गोठवणारं द्रव्य लिव्हरच बनवतं. बाटल्यांवर बाटल्या रक्त चढवलं. मग ती गाढ झोपेत गेली. जावई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून असायचे.

आई आमच्यासोबतच आली होती. तिने मला एकदाच विचारलं. "माझ्याच पाण्यानं ना गं?"

खोटं बोलणं मला जमत नाही. पण खरं काय, तेही मला ठाऊक नव्हतं. उकळणं सुरू होण्याआधीही धाकटीने माहेरचं पाणी प्यायलं होतं, आल्याबरोबर, तांब्याभर. कुठल्या घोटातून आलं, कोण सांगणार? मी म्हणाले, "सांगता येत नाही, आई." तिने मान हलवली. पण तिचा विश्वास बसला नाही, ते दिसत होतं. त्यानंतर तिने कुणालाही पाणी दिलं नाही. जावयांनी मागितलं तरी मला हाक मारायची.

धाकटी वाचली. सावकाश, पण वाचली. शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी पोटावरून हात फिरवला. आमच्या तोंडांकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, ते तिने पुसलंही नाही. मग ओठ चाटत म्हणाली, "पाणी."

थर्मासमध्ये उकळलेलं पाणी होतं. आई खाटेच्या अगदी जवळ होती. ती उठून मागे सरकली आणि पेला माझ्यापुढे धरला. "तू दे. माझ्या हातून नको."

मी पेला घेतला, भरला. धाकटीने मान वळवली. माझ्या हातातून प्यायली नाही.

"आई," ती म्हणाली, "तू पाज."