वाट मोकळी

खानावळवाल्या मावशीला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध ठाऊक होतं: खाऊ घालणं. नवऱ्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तेव्हाही तिने त्याला बळंच पातळ भात भरवला. तो भात हिरव्या पाण्यासकट उलटून बाहेर आला.

"अपेंडिक्सच्या जुन्या ऑपरेशनमुळे आतडी आतून चिकटलीत," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाटच मुडपलीय. रस आणि वारा वर तुंबतो, म्हणून पोट फुगतं, उलट्या होतात. नाकातून नळी घालून ते उपसू, सलाइन लावू. तोंडाने थेंबही नको. वारा सरला की वाट सुटली समजा. आतड्याचं रक्त अडलं, तर मात्र लगेच पोट उघडावं लागेल."

मावशीने मान डोलावली आणि बाईंची पाठ वळताच त्याला दोन घोट चहा पाजला. चहा नाकातल्या नळीतून सरळ पलंगाला टांगलेल्या पिशवीत उतरला. ती त्या रंगाकडे नुसती बघत बसली. रडू आलं नाही, शरमही वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्याने पादला. याच खोडीपायी तिने जन्मभर त्याचं अंथरूण ओसरीवर टाकलं होतं.

"चुकलं गं," तो ओशाळून म्हणाला.

मावशीने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"परत," ती म्हणाली.