शिल्लक लुगडी: दोन

मी डोंबिवलीत राहते आणि दुकानदारांसाठी मोबाइलवरच्या जाहिराती लिहिते. ज्यात एकामागून एक चित्रं बोटाने सरकवत जायची, तशा. हे काम करताना माझं डोकं रोज फिरतं, कारण प्रत्येकाला गिऱ्हाईक पळवत आणायचं असतं. ‘शेवटचे काही तास!’ असं लिहा म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात तेच तास पुन्हा शेवटचे. वर ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’. कोणत्या लोकांनी आग्रह केलेला असतो, ते मला आजवर भेटलेले नाहीत.

नौपाड्यातल्या सुती साड्यांच्या एका जुन्या दुकानाचं काम आलं, तेव्हा कारण खरं होतं. भाड्याचा करार संपत होता, रविवारी रात्री गाळा रिकामा करायचा होता. मालक सत्तरीचे. जाहिरातीचं त्यांचा मुलगा बघायचा.

“मॅडम, पहिल्या चित्रावर उलटं धावणारं घड्याळ टाकू. आणि सगळीकडे ‘फक्त दोन शिल्लक’. लोक धावत येतात यार.”

“माल किती आहे?”

“माल भरपूर आहे हो. पण तसं लिहिलं तर कोण येणार?”

मी तिथेच भडकले. म्हटलं, खरी तारीख हातात असताना खोटं घड्याळ कशाला? दुसऱ्याकडून लिहून घ्या. तेव्हा गल्ल्यावरून मालक म्हणाले, “जेवढं आहे तेवढंच लिहा. या वयात मला खोटं निस्तरायला जमणार नाही.”

सोमवारी संध्याकाळी आम्ही माल मोजला. सहा चित्रं झाली. पहिल्यावर कारण आणि तारीख: रविवारी रात्री आठला दुकान बंद, मुदत वाढणार नाही. मधल्या चारांवर एकेक प्रकार, त्याचा आकडा आणि खाली ‘सोमवार संध्याकाळची मोजणी’. चित्र एकदा टाकलं की बदलता येत नाही, म्हणून रोजची शिल्लक खालच्या मजकुरात लिहायची, तो बदलता येतो. एखादा प्रकार संपला की त्याचं चित्रच काढून टाकायचं. शेवटच्या चित्रावर लिहिलं: आवडलं नाही तर घेऊ नका, घाई नको. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

गुरुवारी सकाळी मी मजकुरात लिहिलं, ‘नऊवारी लुगडी: दोन’. दुपारी मी दुकानात असतानाच कल्याणहून एक बाई आल्या. घामाघूम, हातात मोबाइल.

“सासूबाईंसाठी हवंय. त्यांना लुगड्याशिवाय काही नेसताच येत नाही. दोन उरलीत असं लिहिलंय यात. असलं मऊ सुती मिळतच नाही हो आता कुठे.”

मालकांनी मान हलवली. “लुगडी संपली.”

“यात तर दोन आहेत.”

“ती आहेत, पण द्यायची नाहीत. जुन्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवलीत. शब्द दिलाय मी.”

मागच्या कपाटात दोन्ही कागदात बांधून ठेवलेली होती. वर चिठ्ठ्या. सोमवारी ती मीच मोजली होती, चिठ्ठ्यांसकट! दुकानात किती आहेत एवढंच विचारलं होतं, विकायला किती आहेत ते नाही. पेठेतल्या दुकानात जुन्या गिऱ्हाइकाचं बाजूला ठेवतातच, माझी आईसुद्धा ठेवायला सांगायची. तरी मी मालकांवरच ओरडले.

“यातलं एक द्या यांना. तुमचा शब्द दोघींना, माझा सगळ्या गावाला दिलेला आहे!”

“त्या दोघीही म्हाताऱ्याच आहेत,” ते शांतपणे म्हणाले. “मी फोन करून बघतो.” केला. एकीने उचललाच नाही, दुसरीने माझं कुणाला देऊ नका म्हणून सांगितलं.

त्या बाई उठल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. “नसेल तर नाही म्हणा ना. ‘नाही’ ऐकायची सवय आहे आम्हाला. आहे म्हणून बोलावू नका.”

आणि गेल्या. मला भयंकर लाज वाटली. मी तिथेच बसून मजकूर बदलला: ‘लुगडी: शून्य. सकाळी दोन लिहिली होती, ती आधीच राखून ठेवलेली होती. एक बाई कल्याणहून येऊन रिकाम्या हाताने परत गेल्या. चूक आमची.’ लुगड्यांचं चित्र काढून टाकलं, बाकीचे आकडेही राखीव वगळून नव्याने लिहिले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. “मॅडम, काय जबरदस्त चाललंय ते! लोक शेअर करतायत, ‘असा दुकानदार हवा’ म्हणतायत. शनिवारी अजून एक अशी चूक टाकू या का? छोटीशीच.”

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन कापला आणि ‘चूक आमची’ या ओळीखालची लाल बदामं बघत बसले. शेकडो लोकांना आमचा प्रामाणिकपणा आवडला होता. कल्याणच्या त्या म्हातारीला लुगडं मिळालं नव्हतं.