सरासरी बारा मिलिमीटर

सहा मार्च, शुक्रवार. ठरलेली रक्कम अठराशे रुपये, पैकी पाचशे आगाऊ. हजर तिघे: माझा थोरला भाऊ, मी आणि सक्करदऱ्याचा लेथवाला.

दादा एकसष्ट वर्षांचा. मंदिरात रोज सकाळच्या आरतीआधी अर्धा तास सनई वाजवायचा, सदतीस वर्षांपासून. ऊन तापायला लागलं तशी त्याच्या सनईला वरून चार बोटांवर चीर गेली. मेण भरलं, दोरा गुंडाळला. खालचे सूर कसेबसे निघत, जोर लावला की हवा सुटे. नवी बनारसहून मागवायची तर महिना लागणार होता, म्हणून इथेच लेथवर करून घ्यायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात ट्रस्टच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं, की नगारा, घंटा आणि सनई तिन्ही वाजवणारं विजेचं यंत्र कुणी भक्त द्यायला तयार आहे. "पाडव्याच्या सकाळी तुमचं ऐकतो, मग ठरवू." पाडवा एकोणीसला. हातात तेरा दिवस.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मापं घेणं हेच माझं काम. मी जुन्या सनईची लांबी मोजली, सगळ्या भोकांची जागा आणि रुंदी मोजली, प्रत्येक माप तीनदा घेऊन कागदावर उतरवलं. आतली पोकळी वरच्या तोंडाशी सहा मिलिमीटर आणि खाली, पितळी कर्णा बसतो तिथे, अठरा.

लेथवाल्याने कागद पाहिला. "साहेब, भोक वर बारीक न् खाली मोठं हाये. सरळ ड्रिल नाही चालत मग. निमुळतं बर्मं घासून बनवा लागन. सातशे जास्त, न् चार दिवस जास्त."

दादा माझ्याकडे बघत होता. मी विचार केला: सूर ठरतो लांबीवर आणि भोकांच्या जागेवर. पोकळी थोडी बारीक-मोठी असली तर फार तर आवाज जाड-बारीक होईल. सहा आणि अठरा, सरासरी बारा.

"सरळ बारा करा," मी म्हणालो.

"पाहा बा," लेथवाला म्हणाला. "माप तुमचं, हात माहा."

चौदा तारखेला शिसवीची नळी मिळाली. सुंदर झाली होती, आतून काचेसारखी गुळगुळीत. दादाने तोंडाशी जुन्या सनईचीच गवताची पत्ती बसवली, ओठात धरली, फुंकली, आणि थांबला. आवाज सप्तकभर खाली गेला होता, एखाद-दोन सूर इकडेतिकडे.

"काहून गा," तो म्हणाला, "मी सनई सांगितली होती का भोंगा?"

आतून वहिनी म्हणाली, "म्हैस रेकून राहिली वाटलं मले."

"तू चूप राय वं," दादा म्हणाला, पण त्यालाही हसू आलं. तेव्हा आम्हाला हसू येत होतं, कारण मला वाटलं की चूक लांबीची आहे, आणि लांबी माझ्या हातातली गोष्ट. फोनवर कंपनं मोजली. दादाच्या जुन्या वादनाचं रेकॉर्डिंग होतं, त्यात सगळी भोकं बंद असतानाचा सूर दोनशे नव्वद येत होता. तिथवर पोचायला नळी किती आखूड हवी ते काढलं: अर्ध्याहून थोडी लांब. भोकांच्या जागा त्याच प्रमाणात वर सरकवल्या. लेथवाल्याने नऊशेत दुसरी नळी केली. सतराला ती घेऊन आलो.

बोटं दाटीने बसत होती, तरी पहिला सूर दोनशे नव्वदच आला. दादाने डोळे मिटले. सा, रे, ग, म, एकेक बोट उचलत तो नीपर्यंत गेला. माझे आकडे बरोबर निघाले होते. मग त्याने पुन्हा सगळी भोकं बंद केली आणि वरच्या सप्तकात जायला ओठ आवळून जोर दिला. सनईवर तिथे तोच सा वरचा होऊन येतो. बोटं तीच, फुंक वेगळी. या नळीतून वरचा पंचम आला.

त्याने परत फुंकलं. परत पंचम. एक बोट उचललं, धैवत. तारसप्तकाचे सा, रे, ग, म त्या नळीत नव्हतेच.

"मधचा जिना कोणी काढून नेला गा?" दादाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही आवाज कॉलेजात विभागातल्या मॅडमना ऐकवले. त्यांनी संगणकावर आलेख काढला. जुन्या सनईचे सुळके दोनशे नव्वद, पाचशे ऐंशी, आठशे सत्तर, अकराशे साठ: एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट, सगळे. नव्या नळीचे ठळक सुळके दोनशे नव्वद, आठशे सत्तर, चौदाशे पन्नास. पाचशे ऐंशीच्या जागी जेमतेम खुंट.

"तुम्ही बंद नळी बनवलीत," मॅडम म्हणाल्या. "पत्तीचं टोक बंद टोकासारखं वागतं. नळी सरळ असली की फक्त विषम पटी. जोर दिला की एकपटीवरून थेट तिप्पट, म्हणजे वरचा पंचम. सनईत पत्ती तशीच असते, पण पोकळी शंकूची. शंकूत लहर टोकाकडे निमुळती होत जाते, म्हणून पत्तीचं टोक बंद असूनही तो दोन्हीकडून उघड्या नळीसारख्या सगळ्या पटी देतो. दुप्पट तिथे आहे, म्हणून वरचा सा आहे." मग त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "हे तुम्हाला मी काय सांगणार?"

कपाटात अनुनाद नळी उभी होती, एका टोकाला बंद. एक, तीन, पाच: चोवीस वर्षं मी ती मुलांसाठी मांडतो आहे. सनई सरळ केली की तीही हीच नळी होणार, एवढं मात्र मनात आलं नाही; आणि लेथवाल्याने निमुळतेपणा दाखवून दिला तेव्हा मी त्याचीही सरासरी काढली.

लेथवाल्याकडे गेलो. निमुळत्या बर्म्याला अजूनही चार दिवसच लागणार होते.

पाडव्याच्या सकाळी दादा आखूड नळी घेऊन बसला. जुनीतून तर आता खालचाही सूर धड निघत नव्हता. त्याने ठरवलं होतं की वर जायचंच नाही, खालीच फिरायचं. दहा मिनिटं तो खरंच खाली फिरला. मग ती ओळ आली, जिथे सदतीस वर्षं तो वर गेला होता. ओठ आपोआप आवळले गेले. पंचम किंचाळला. तो थांबला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. रांगेतली एक मुलगी कानावर हात ठेवून हसली.

अध्यक्ष वाईट बोलले नाहीत. "दादा, आता आराम करा," म्हणाले. खांद्यावर शाल घातली.

यंत्र रामनवमीआधी लागलं. मी एकदा दर्शनाला गेलो तेव्हा खिशातल्या फोनवर त्याच्या आवाजाचा आलेख पाहिला. रेकॉर्ड केलेली सनई. एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट, सगळ्या पटी होत्या.

हिशेब पुरा करायला आम्ही दोघे लेथवाल्याकडे गेलो. तो पैसे घ्यायला कचरत होता. "आता निमुळतं करून देऊ का? बर्म्याचे पैसे नको मले."

"कायले?" दादा म्हणाला. "कुठं वाजवू?"

काम कागदाप्रमाणे झालं होतं, कागद माझा होता. पहिल्या नळीचे अठराशे, दुसरीचे नऊशे, आगाऊ पाचशे वजा. उरलेले बावीसशे रुपये मी लेथवाल्याला दिले.