शरारा की घरारा

त्या दुपारी मी कात्री तीनदा उचलली आणि तीनदा खाली ठेवली. समोर किनखापाचं कापड होतं, नवरीच्या होणाऱ्या सासूबाईंनी तिच्यासाठी पाठवलेलं, जरीनं भरलेलं. असलं कापड पुन्हा मिळत नाही.

क्रांती चौकामागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. शेजारच्या भाभी लेकीला घेऊन तिच्या वलिम्याचा, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीचा, जोड शिवायला आल्या होत्या. "ताई, शरारा शिवा, सासूबाईंचा निरोप आहे," म्हणाल्या. मी खडूनं कमरेपासून घोळ आखलाही. मग सहज विचारलं, "कमरेपासूनच पसरायचा ना? गुडघ्याशी जोड नाही?"

"ते वेगळं असतं व्हय?" भाभींचा चेहरा उतरला. त्यांच्या घरात पायाशी आवळलेलं असलं की सलवार आणि मोकळं असलं की शरारा, एवढाच हिशोब.

मी खुंटीवरचे, लेकीचेच शिवायला आलेले दोन कपडे काढून दाखवले. पटियाला: कमरपट्टीला दाट चुण्या, पायाशी अरुंद मोहरी. धोती सलवार: चुण्या मध्यावर झोळासारख्या उतरलेल्या, घोट्याशी घट्ट. शरारा आणि घरारा खाली मोकळे. पण शरारा वरूनच पसरत जातो. घरारा गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर, तिथं शिवण आणि शिवणीखाली चुण्या घालून भरपूर घेर. शरारा कापून टाकला तर नंतर घराऱ्याच्या घेराला कापड उरत नाही.

"मग सासूबाईंनाच विचारा," मी म्हणाले.

"नाय ताई. म्हणतील, यांना एवढंही कळत नाही."

आता मात्र माझाच जीव टांगणीला लागला. मी कापड उलटंपालटं केलं. सोबत गोट्याची जरीची पट्टी होती, घराऱ्याच्या जोडावर लावतात तशी, दोन गुडघ्यांभोवती पुरेल एवढीच. म्हणजे घरारा? पण ती कुर्त्याच्या बाह्यांसाठीही असू शकत होती. अंदाजावर किनखाप कापणं मला जमणार नव्हतं, आणि भाभी तर ओढणीचं टोक पिळत भिंतीकडं बघत बसल्या होत्या. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

लेक शेजारीच उभी होती. तिनं होणाऱ्या सासूबाईंना फोन लावला, आईचा हात बाजूला केला आणि स्पीकर लावून सरळ विचारलं, "अम्मी, शरारा सिलाना है के घरारा? हमना मालूम नै."

भाभींनी डोळे मिटले.

फोनवर सासूबाई हळूच म्हणाल्या, "घरारा, बेटा. अच्छा हुआ पूछ ली. मेरी शादी में मैं नै पूछी थी, शरारा सिल के आ गया. सास की बातां मैं बरसों सुनी."

भाभी रडायला लागल्या. लेक माझ्याकडं वळून म्हणाली, "काकू, पुसा ना तो खडू."