वीस मिनिटांची दहा

स्पीच थेरपिस्ट बाईंची सगळी नोकरी लोकांना सावकाश बोलायला शिकवण्यात गेली. पक्षाघातानं जीभ अडखळायला लागलेल्या पेशंटला त्या पहिल्याच दिवशी बजावायच्या, "घाई करायची नाही." आणि आज परिषदेचा संयोजक त्यांनाच सांगत होता, "ताई, उद्घाटन लांबलं हो. तुमची वीस मिनिटं दहात उरका. जरा भरभर बोला."

भरभर बोला म्हणे! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांनी एकमेकांचं कौतुक करण्यात तास घालवायचा आणि कात्री कुणाला, तर बाईंना! आठवडाभर नवऱ्याला स्वयंपाकघरात बसवून त्यांनी तालीम केली होती. बिचाऱ्याला भाषण पाठ झालं होतं.

भाषणात मागणी एकच होती. पक्षाघाताच्या पेशंटला गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही द्यायचा नाही. पाणी फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, माणूस हातचा जातो. दोन वर्षं वॉर्डचे मोठे डॉक्टर नुसते "बघू" म्हणत होते. आज ते पहिल्या रांगेत अडकून बसले होते.

मागच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बाई स्लाइड लपवायला लागल्या. घशाची रचना? डॉक्टरांना काय शिकवायचंय, जाऊ दे. दोन वर्षांचे आकडे, रात्री जागून काढलेले आलेख? जीव तुटला, पण त्याचं एक वाक्य केलं. आजींचा व्हिडिओ मात्र ठेवला. आजी पाणी पितात, ठसकाही लागत नाही, गोड हसतात. मग "आ" म्हणतात, तर आवाज गुळण्या केल्यासारखा, म्हणजे पाणी श्वासनळीच्या तोंडाशी अडकलेलं. ते ऐकल्याशिवाय कुणाला पटणार नव्हतं.

उरलं एकच मिनिट. त्यात मागणी बसत होती, नाहीतर गिळणं तपासायची, सिस्टरनी करायची चमच्याची चाचणी. दोन्ही नाही. बाईंनी मन मारून चाचणी लपवली.

भाषण सावकाशच केलं. आजींच्या "आ"ला मोठे डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. प्रश्नांना वेळ नाही म्हणून संयोजकानं माइक काढून घेतला.

चहाच्या टेबलापाशी मोठे डॉक्टर आले. "पटलं. पण रात्री, रविवारी तुम्ही नसता. मग तपासणार कोण? नियम चालायचा नाही."

बाईंनी ग्लासात पाणी घेतलं आणि चमचा डॉक्टरांच्या हातात दिला. "ताठ बसा. चमचाभर प्या. आता 'आ' म्हणा. ठसका नाही, आवाज ओला नाही, की पुढचा चमचा. जरा जरी शंका आली, तर थांबायचं, मी येईपर्यंत तोंडानं काही नाही. कुठलीही सिस्टर करू शकते."

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. "एवढंच? अहो, मग हे स्टेजवर का नाही सांगितलंत?"

पलीकडे संयोजक निवांत बिस्किट बुडवत होता. ग्लास त्याच्या डोक्यावर ओतावा असं बाईंना फार वाटलं.

"उद्या सकाळी सिस्टरना गोळा करा," त्या म्हणाल्या. "आणि मला घड्याळ दाखवायचं नाही."