एका डोक्यापुरती पुडी

अमृतराव खिल्लारे ठाण्याच्या एका साबण कारखान्यात बारा-तेरा वर्षं राबून वसमतला परत आले, तेव्हा त्यांच्या पेटीत कपडे थोडे आणि अत्तरांच्या शिश्या जास्त होत्या. हळदीच्या मोंढ्यामागे त्यांनी पत्र्याचं एक शेड घेतलं, परवाना काढला आणि 'सायली' नावाचा शाम्पू बनवायला लागले. बाहेर हळदीचे ढीग, आत जुईसारखा मंद वास. बाजारहून येणारी माणसं दाराशी क्षणभर थांबत आणि का थांबलो ते न कळून पुढं जात.

अमृतरावांची आई चांगुणा हिचा उभा जन्म हळद शिजवायच्या चुलवणावर गेला होता. तिच्या केसांतला धूर रिठ्यानं कधी पुरता निघाला नाही. म्हणून असेल, पण अमृतरावांच्या डोळ्यांपुढं सारखं एक चित्र तरंगायचं: कुडाच्या घरात, आरशाशेजारी फळीवर हिरवट, नितळ बाटली, आणि तिच्यातून पाझरणारं सकाळचं ऊन. प्रत्येक घरात अशी एक. वीस रुपयांची बाटली महिनाभर पुरेल, हा त्यांचा साधा हिशेब होता.

पण सत्त्याण्णव साली औंढ्याकडच्या खेड्यांत ठेवलेल्या बाटल्या जागच्या जागी राहिल्या. उन्हानं त्यांची लेबलं पिवळी पडली. मोटारसायकलला पिशव्या अडकवून अमृतराव गावोगाव फिरत आणि धुळीनं माखलेला माल परत आणत. फक्त एका तांड्यावरून बाटल्यांची मागणी येत राहिली. तिथं रूपाबाई राठोड घराच्या ओसरीत दुकान चालवायच्या.

एका आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी अमृतराव तिथं पोचले, तर ओसरीवर तीन बाया वाट्या घेऊन बसलेल्या. रूपाबाई बाटलीचं टोपण भरत आणि एकेकीच्या वाटीत ओतत होत्या.

"हे काय चाललंय, रूपाबाई?"

"इकून राहिले, भाऊ. रुपायाला एक टोपन. सगळी बाटली कोन घेनार? मजुरी हप्त्याला भेटते, केस बी हप्त्यालाच धुवायचे."

अमृतरावांना आधी राग आला. त्यांनी इतक्या हौसेनं निवडलेली बाटली ओसरीवर उघडी पडली होती, तिच्या तोंडाशी मुंग्या होत्या. पण वाटी घेऊन निघालेल्या बाईनं ती नाकाशी धरली, डोळे मिटले आणि तशीच अंगणातून चालत गेली. तिची पावलं जमिनीवर पडत होती की नाही, कोण जाणे. अमृतराव तिच्या पाठमोऱ्या चालीकडं बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी टोपण मापलं. पाच मिली. त्यांनी कर्ज काढून पुड्या भरायचं जुनं मशीन आणलं आणि पाच मिलीची, रुपयाची पुडी काढली. पुड्यांच्या लडी दुकानांच्या दारांत झुलू लागल्या. पहिल्या खेपेला हातोहात गेल्या. दुसऱ्या खेपेला मात्र अर्ध्याहून जास्त तशाच लोंबत होत्या.

"बाया काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"फेस येत न्हाई म्हनतात," रूपाबाई म्हणाल्या. "तकलीफ माह्या बी ध्यानात येऊन न्हाई राहिली. टोपनाला तर कुनी बोलत नव्हतं."

अमृतरावांना उत्तर सापडलं ते स्वतःच्या परसात. रविवारची सकाळ होती. त्यांची बायको करुणा शाळेत शिक्षिका; आठवडाभर तेल लावून घट्ट बांधलेले केस सोडून ती दगडावर बसली होती.

"आज मी धुतो," ते म्हणाले.

"काहून? मनात काय आलं तुमच्या?"

"बघायचंय."

त्यांनी एक पुडी फाडली आणि हळूहळू केसांत चोळली. फेस आलाच नाही. सगळा शाम्पू तेलानं पिऊन टाकला. पाणी ओतून त्यांनी दुसरी पुडी घेतली, आणि तिच्या काळ्याभोर केसांतून पांढरे ढग उठले. लिंबाच्या फांदीतून ऊन उतरत होतं, फेसात बारीक बारीक इंद्रधनुष्यं फिरत होती. करुणा डोळे मिटून होती.

"माह्या केसांला दोन लागल्या," ती म्हणाली. "तांड्यावरच्या बायांचे केस तर कमरेखाली. तुमच्या रूपाबाई टोपण बराबर भरत होत्या का शिगोशीग?"

अमृतराव पुन्हा तांड्यावर गेले. रूपाबाईंनी हसत कबूल केलं, की लांब केसांच्या बाईला त्या टोपणावर थोडी धार जास्त सोडायच्या, आणि आखूड केसांच्या लेकरांना थोडी कमी. पुडीला तसं करता येत नव्हतं. ती सगळ्यांना सारखीच होती.

मग पुडी लहान करायची ठरली: चार मिली, आठ आण्यांना. लेकराला एक, बाईला दोन, कमरेखालच्या केसांना तीन. ऐकायला सोपं होतं. पण शाम्पू कमी झाला तरी पुडीचा प्लास्टिकचा कागद तेवढा कमी होत नाही. पुडीच्या चारी कडा जोडायला जागा लागतेच. कागदाचा खर्च आतल्या मालाच्या बरोबरीला आला. अमृतरावांनी पुडी अरुंद केली, तर भरताना थेंब जोडावर पडून कडा सुटू लागल्या. गळक्या लडी त्यांनी दुकानदारांकडून परत घेतल्या आणि मशीनची नळी बदलून आणली. दाट शाम्पू लहान पुडीच्या आत चिकटून राही, म्हणून दाटपणासाठी घालायचं मीठ कमी करून तो पातळ केला. पातळ माल म्हणजे पाणी घातलं, असं बाया म्हणतील ही धास्ती होती. पण तांड्यावर पुडी आधी तांब्यात सोडून, पाणी ढवळून मग डोक्यावर घेत. पातळ शाम्पू तांब्यात लवकर मिसळला. कुणाची तक्रार आली नाही.

पुढची पाच-सहा वर्षं सुखाची गेली. तांड्यातांड्यांच्या दारात सायलीच्या हिरव्या लडी वाऱ्यावर हलायच्या. लग्नसराईत बाया लडीच्या लडी मागायच्या. मग टीव्हीतल्या मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत पुड्या त्याच भावात आल्या. त्यातच दुकानदार आठ आण्यांचं नाणं घेईनासे झाले. एक पुडी मागणाऱ्याच्या हातावर सुट्ट्याऐवजी गोळी पडायची.

"आता रुपायाच करा," रूपाबाई म्हणाल्या. "पन मग लेकरायसाठी पुडी राहिनार न्हाई."

अमृतरावांनी त्यावर बरेच दिवस विचार केला. शेवटी त्यांनी दोन पुड्या जोडलेल्याच ठेवल्या. मध्ये जोड, जोडावर फाडायसाठी टोचे, किंमत दोन्हींची मिळून रुपया. आधी एक फाडायची, तेल निघालं की दुसरी. किंवा अर्धी मुलीला, अर्धी आईला. न फाडलेली बाजू आठवडाभर बंद राही. नफा फार सुटत नव्हता. वसमतच्या बाजारातून सायली हळूहळू नाहीशी झाली, पण तांड्यांनी जोडपुडी सोडली नाही.

एका दसऱ्यानंतर अमृतराव कळमनुरीकडून येताना वारंगा फाट्यावर चहाला थांबले. ऊसतोडीला निघालेल्या टोळीची ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. फडावर दुकान नसतं, म्हणून बायांनी बोचक्यांत मिरची-मीठ आणि दोन-दोन लडी भरून घेतल्या होत्या. एका बोचक्यातून हिरवी कड डोकावत होती. निघायच्या आधी सगळ्यांनी न्हाऊन घेतलेलं दिसत होतं. वर बसलेल्या बायांचे ओले केस मोकळे होते. ट्रॉली हलली, तसे ते सगळे एकदम वाऱ्यावर उठले आणि जुईचा वास रस्त्यावर सांडला.

त्यांतल्या कुणालाच अमृतराव ओळखत नव्हते. हातातला चहा गार होऊ देत, धूळ खाली बसेपर्यंत ते रस्त्याकडं बघत उभे राहिले.