पिवळा फ्रिज

अमेरिकेतल्या आमच्या डलूथ शहरातली लोर्ना जुने फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करते. फोटोवरच्या चिरा बुजवताना त्याच फोटोतला शेजारचा कणीदार तुकडा उचलून लावते, गाल मात्र गुळगुळीत करत नाही. "माणूस आहे, मेणाचा पुतळा नाही," म्हणते.

शेजारच्या आर्लिसचा स्वयंपाकघरातला जुना फोटो लालसर पडला होता. लोर्नाने मागचा फ्रिज पांढरा धरून रंग जुळवले, तर सगळं कुटुंब थंडीने काकडल्यासारखं निळं दिसू लागलं.

"अगं, फ्रिज पिवळा होता," आर्लिस म्हणाली. "गॅरेजमध्ये आहे अजून, चल."

लोर्नाने फ्रिजशेजारी लॅपटॉप ठेवून पुन्हा रंग जुळवले. चेहरे माणसांत आले. आर्लिसच्या नवऱ्याचं नाक तेवढं लाल राहिलं.

"हे कमी करते."

"हात लावू नकोस. तो रंग ह्याच फ्रिजमधल्या बिअरचा आहे."